बाहेरून आलेला जुना फोन घेताय? आयएमईआय, नेटवर्क आणि सिमचा खाचा असे तपासा

गोव्यात जुना फोन विकत घेताना एक वाक्य हमखास कानावर येते: "फोन बाहेरचा आहे, एकदम ओरिजिनल." ते बऱ्याचदा खरेही असते. आखातातून सुटीवर आलेला माणूस, जहाजावरून उतरलेला तारवटी, लंडनहून आलेला नातेवाईक किंवा परतीच्या तिकिटाआधी सामान हलके करणारा पर्यटक, अशा हातांतून फोन म्हापशाच्या, पणजीच्या, मडगावच्या दुकानांत पोहोचतात. फोन ओरिजिनल असतो, काच स्वच्छ असते, बॅटरी बरी असते. पण ओरिजिनल असणे वेगळे आणि आपल्या सिमवर इथे नीट चालणे वेगळे. हा लेख बाहेरून आलेल्या अशा फोनबद्दलच आहे. तो चोरीच्या किंवा बंदी घातलेल्या फोनांच्या काळ्या यादीत नाही ना, आपल्या नेटवर्कवर बोलतो ना आणि त्याचे सिमचे खाचे चालू आहेत ना, हे तीन प्रश्न दुकानात उभ्या-उभ्या कसे सोडवायचे ते इथे क्रमाने दिले आहे. इथे बनलेल्या फोनलाही हीच पद्धत चालते, फक्त त्यात अडचणी कमी निघतात.

सोबत काय न्यायचे

स्वतःचा चालू फोन, ट्रे काढायची पिन आणि दोन नॅनो सिम. एक सिम जिओचे हवे आणि दुसरे वेगळ्या कंपनीचे. दोन्हींवर रिचार्ज शिल्लक असू द्या. घरातल्या कुणाचे सिम अर्ध्या तासापुरते मागून घेतले तरी काम होते. दोन कंपन्यांचा आग्रह का, ते नेटवर्कच्या भागात कळेल. वेळ पाऊण तास धरा. विकणारा "आता गिऱ्हाईक आहे, दोन मिनिटांत बघा" म्हणत असेल, तर दुसऱ्या दिवशी या.

दुकानात पोहोचल्यावर त्या फोनचे वायफाय बंद करा. चाचणी संपेपर्यंत ते बंदच ठेवा. वायफाय चालू असले की काही फोनवरून साधा कॉलसुद्धा वायफायवरून जातो आणि नेटवर्कची खोट झाकली जाते. व्हॉट्सअॅपवर कॉल लावून "बघा, लागला" असे कुणी दाखवत असेल तर त्याला या तपासणीत काडीची किंमत नाही.

पहिली पायरी: आधी आयएमईआय, मग सिम

क्रम महत्त्वाचा आहे. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासण्याआधी आपले सिम त्या फोनमध्ये घालू नका. चोरीला गेलेला फोन यादीत टाकलेला असेल आणि त्यात कुणी सिम घातले, तर कोणता नंबर त्या फोनमध्ये आला याची नोंद यंत्रणेकडे होते आणि ती माहिती पोलिसांपर्यंत जाते. फोन तपासायला म्हणून घातलेले सिम तुमचे, म्हणजे चौकशीचा पहिला फोनही तुम्हालाच.

फोनच्या डायलरवर हे टाइप करा:

```
*#06#
```

कॉलचे बटण दाबायची गरज नसते. शेवटचे चिन्ह टाइप होताच पडद्यावर १५ अंकी क्रमांक येतो. दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक असतात आणि ई-सिमची सोय असलेल्या फोनमध्ये त्याखाली `EID` नावाचा ३२ अंकी क्रमांकही दिसतो. दोन्ही आयएमईआय कागदावर उतरवून घ्या किंवा पडद्याचा फोटो काढा. एकच तपासून थांबू नका.

आता स्वतःच्या फोनवरून 14422 या क्रमांकावर एसएमएस पाठवा. मजकूर असा, मध्ये एक जागा सोडून:

```
KYM 15अंकी-आयएमईआय
```

आयएमईआयचे अंक टाइप करताना मध्ये जागा किंवा रेघ नको. दुसऱ्या आयएमईआयसाठी दुसरा एसएमएस. एसएमएस जात नसेल तर `sancharsaathi.gov.in` या सरकारी संकेतस्थळावर किंवा संचार साथी अॅपवर मोबाइल खरा आहे का ते पाहण्याची सोय आहे. संकेतस्थळावर तुमचा मोबाइल नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी लागतो. या सगळ्यामागे सीईआयआर ही आयएमईआयची केंद्रीय नोंदवही आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात ती सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर लागू आहे.

उत्तरात दोन गोष्टी वाचायच्या. पहिली म्हणजे स्थिती. `Black-listed`, `duplicate` किंवा `already in use` यांपैकी काहीही आले तर फोन घेऊ नका, ही सरकारचीच सूचना आहे. पहिल्याचा अर्थ उघड आहे. बाकी दोन्हींचा अर्थ हाच क्रमांक आणखी कुठल्या फोनवरही चालू आहे, म्हणजे कुणीतरी तो नक्कल करून बसवला आहे. त्यातला खरा कोणता आणि बनावट कोणता हे तुम्ही दुकानात ठरवू शकत नाही, आणि उद्या तो क्रमांक बंद झाला तर तुमचा फोनही बंद होईल. विकणारा म्हणेल, "हे मी सोडवून देतो, दोन दिवस द्या." बंदी उठवण्याचा अर्ज ती बंदी घालणाऱ्या मूळ मालकालाच, त्याच्या अर्जाच्या क्रमांकावरून करता येतो. दुकानदार दोन दिवसांत जे करून देईल ते आयएमईआय बदलणे असेल, आणि दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुसरी गोष्ट लोक वाचतच नाहीत, आणि ती तितकीच कामाची आहे: उत्तरात आलेले कंपनीचे आणि मॉडेलचे नाव. आयएमईआयचे पहिले आठ अंक मॉडेल सांगतात. हातात सॅमसंगचा महागडा फोन आहे आणि उत्तरात दुसऱ्याच कंपनीचे स्वस्त मॉडेल आले, तर त्या फोनचा मूळ क्रमांक पुसून दुसऱ्या कुठल्यातरी फोनचा घातलेला आहे. अशा वेळी स्थिती ठीक दाखवली तरी ती त्या दुसऱ्या फोनची स्थिती असते. हा फोन ठेवून चालू लागा.

नंतर तोच क्रमांक सेटिंग्जमध्ये, खोक्यावर आणि बिलावर पडताळा. आयफोन १३पर्यंतच्या अनेक मॉडेलांत तो सिमच्या ट्रेवरही बारीक अक्षरांत कोरलेला असतो. ट्रेवरचा क्रमांक वेगळा निघाला तर ट्रे बदललेला आहे. एवढ्यावरून फोन चोरीचा ठरत नाही, पण तो कधीतरी उघडला गेला असण्याची शक्यता वाढते, तेव्हा पाण्याच्या खुणा जास्त बारकाईने बघा.

या तपासणीला जे दिसत नाही

दोन मर्यादा समजून घ्या, कारण बाहेरच्या फोनच्या बाबतीत त्या थेट लागू होतात.

एक, यादी त्या क्षणाची असते. फोन हरवलेल्या माणसाला आधी पोलिसांत तक्रार द्यावी लागते, मग तोच नंबर चालू करायला दुसरे सिम काढावे लागते, मग ओटीपी घेऊन अर्ज भरावा लागतो. अर्ज गेल्यावर २४ तासांत फोन बंद होतो, पण त्याआधीचे चार-आठ दिवस निघून जाऊ शकतात. शनिवारी बागा किनाऱ्यावर गेलेला फोन सोमवारी दुकानात आला, तर मंगळवारी त्याचे उत्तर स्वच्छच येईल.

दोन, परदेशी पर्यटकाला ही प्रक्रिया सहज जमत नाही, कारण ओटीपी भारतीय नंबरवर येतो. तो आपल्या देशातल्या कंपनीला कळवतो आणि ती कंपनी तिकडच्या काळ्या यादीत फोन टाकते. तिथे हप्त्यावर घेतलेल्या आणि हप्ते थकलेल्या फोनचेही असेच होते. असा फोन भारतात बंद असेलच असे नाही. इथे तो वर्षभरही चालेल, आणि मग मुलगा नोकरीला यूकेला जाताना तोच फोन घेऊन जाईल व तिथल्या सिमवर त्याला नेटवर्क मिळणार नाही. घरातले कुणी परदेशी जाणार असेल, तर मूळ खरेदीची पावती नसलेला बाहेरचा फोन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: फोन एखाद्या कंपनीला बांधलेला आहे का

परदेशात बरेच फोन तिथल्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर मिळतात आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीचे सिम घेत नाहीत. आयफोनमध्ये हे पाहणे सोपे आहे. `Settings > General > About` मध्ये खाली जा आणि `No SIM restrictions` हे शब्द शोधा. ते दिसले तर फोन मोकळा आहे. त्या जागी `SIM locked` असेल तर बांधलेला आहे, मग आतले सिम चालताना दिसले तरीही.

"चालताना दिसले तरीही" असे का म्हटले? बांधलेल्या आयफोनमध्ये सिमच्या खाली कागदासारखी पातळ पट्टी, तिच्यावर एक बारीक चिप, बसवून तो चालवून दाखवतात. ट्रे बाहेर काढा आणि सिम उचलून बघा. सिमखाली असे काही चिकटलेले असेल किंवा सिम घालताच अनोळखी मेनू उघडत असेल, तर फोन त्या पट्टीच्या भरवशावर उभा आहे. पुढच्या एखाद्या अपडेटनंतर तो चालेलच असे नाही.

अँड्रॉइडमध्ये अशी एकच ठरलेली ओळ नसते. तिथे आपले सिम घालून बघणे हीच परीक्षा. बांधलेला फोन सिम ओळखतो, पण नेटवर्क अनलॉकचा कोड मागतो किंवा हे सिम चालणार नाही असे सांगतो. एका सिमवर समाधान मानू नका, दोन्ही कंपन्यांची सिम घालून बघा.

तिसरी पायरी: नेटवर्क, आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

नेटवर्क म्हणजे फक्त वरच्या कोपऱ्यातल्या काड्या नव्हेत. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. फोनला आपल्या कंपनीच्या लहरी पकडता येतात का, हा एक. आणि ४जीवर आवाजी कॉल, म्हणजे व्होल्टे, करण्याची परवानगी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हा दुसरा. लोक पहिलाच बघतात आणि दुसऱ्यात अडकतात.

समजा, दुकानात सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२२ आहे, अमेरिकेहून आलेला. `Settings > About phone` मध्ये मॉडेल दिसते `SM-S901U`. शेवटचा `U` सांगतो की हा अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांमार्फत विकला गेलेला फोन आहे. `U1` असता तर तो अमेरिकेतच, पण मोकळा विकलेला. भारतात विकलेल्या एस२२चे मॉडेल `SM-S901E` असते. त्याच पानावर `Software information` उघडून `Service provider software version` या ओळीत तीन अक्षरी कोड बघा. भारतातल्या सॅमसंगमध्ये तिथे `INS` असते.

आयएमईआय स्वच्छ आला. फोन बांधलेला नाही. आता जिओचे सिम घाला. काड्या पूर्ण येतात, ४जी लिहून येते, वायफाय बंद असूनही व्हिडिओ चालतो. इथे बहुतेक लोक पैसे काढतात. तुम्ही आता डायलर उघडून एखाद्या साध्या नंबरवर कॉल लावा. असल्या फोनमध्ये अनेकदा कॉल लागतच नाही. कारण असे की जिओकडे २जी किंवा ३जीचे जाळेच नाही, त्यांचा प्रत्येक कॉल ४जीवरून किंवा ५जीवरून जातो, आणि परदेशी सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कंपनीसाठी व्होल्टे चालू केलेले नसले तर कॉलला जायला रस्ताच उरत नाही. इंटरनेट मात्र उत्तम चालते, म्हणून खोट लपते.

आता तेच सिम काढून एअरटेल किंवा व्हीआयचे घाला. कॉल लागतो, आवाजही येतो. पण बोलता-बोलता वरचे चिन्ह बघा. `4G` जाऊन `E` किंवा `2G` आले, तर फोन बोलण्यासाठी २जीवर उतरला आहे. कॉल चालू ठेवूनच एखादे पान उघडायचा प्रयत्न करा. व्होल्टे चालू असेल तर पान उघडते. नसेल तर कॉल संपेपर्यंत इंटरनेट थांबते. हीच ती दोन कंपन्यांची सिम सोबत नेण्यामागची गोष्ट: एका कंपनीवर खोट कॉल न लागण्यात दिसते, दुसऱ्या कंपनीवर ती फक्त चिन्ह बदलण्यात दिसते.

पिक्सेल, मोटोरोला आणि आणखी काही अँड्रॉइड फोनांमध्ये हे लिहूनच मिळते. डायलरवर

```
*#*#4636#*#*
```

टाइप करा, फोनच्या माहितीचे पान उघडा आणि वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून `IMS Service Status` निवडा. `Registered` आणि `Voice over LTE: Available` दिसायला हवे. सॅमसंगवर हा कोड सहसा चालत नाही, तिथे कॉल लावून बघणे हाच मार्ग.

"सॉफ्टवेअर बदलून देतो, व्होल्टे येईल" असे आश्वासन मिळाले तर आधी बदलून दाखवायला सांगा. काही फोनमध्ये ते होते. पण अमेरिकेतल्या कंपन्यांच्या फोनवर भारतातले सॉफ्टवेअर घालण्याचा सरळ मार्ग सहसा नसतो, आणि आडमार्गाने घातलेले पुढच्या अपडेटला टिकत नाही.

आता लहरींचा प्रश्न. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. एअरटेलला १८००, २१०० आणि २३०० लागतात, व्हीआयला १८००, २१०० आणि २५००, काही ठिकाणी दोघांनाही ९०० सुद्धा. बीएसएनएलचे नवे ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० वर आहे, म्हणजे बँड २८ आणि १. मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून हे आकडे जुळवून बघा. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, पूर्ण क्रमांकावर जा. एकाच नावाच्या फोनची देशागणिक वेगवेगळी रूपे असतात.

यात सर्वांत महत्त्वाचे लहान आकडे आहेत: ७००, ८५०, ९००. या लहरी लांब जातात आणि जाड भिंतीतून आत शिरतात. पणजीत अठरा जून रस्त्यावर उभे राहून फोन तपासलात तर १८०० आणि २३००वरच काड्या भरलेल्या दिसतील आणि बँड ५ फोनमध्ये नसल्याचे कळणारही नाही. तोच फोन सत्तरीत, सांग्यात किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावर न्या, जुन्या चिऱ्याच्या घरात मधल्या खोलीत बसा, आणि शेजाऱ्याच्या फोनला दोन काड्या असताना तुमच्या फोनला एकही नसेल. तुम्ही अशा गावात राहत असाल तर फोन शहरात चांगला चालला हा पुरावा पुरेसा नाही. कागदावर लहान बँड आहेत का ते बघणे तुमच्यासाठी जास्त मोलाचे आहे. बीएसएनएलवरच अवलंबून असलेल्या गावात बँड २८ नसलेला फोन घेऊ नका.

५जीबद्दल थोडक्यात: जिओचे ५जी ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालते, त्यामुळे फोनमध्ये स्टँडअलोन ५जीची सोय हवी. काही जुन्या ५जी फोनमध्ये ती नसते आणि ते जिओवर ४जीच दाखवतात. आकड्यांत ३५०० मेगाहर्ट्झचा `n78` नक्की हवा, जिओसाठी ७००चा `n28` सुद्धा असला तर उत्तम.

चौथी पायरी: सिमचे खाचे

आधी मोजा. `*#06#` ने दोन आयएमईआय दाखवले म्हणजे सिमचे दोन खाचे असतीलच असे नाही. वरच्याच उदाहरणातल्या अमेरिकी एस२२मध्ये ट्रेवर एका सिमची जागा आहे, दुसरा आयएमईआय ई-सिमचा. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४पासून पुढच्या फोनांत तर ट्रेच नसतो, सगळे ई-सिमवर. मुख्य चीनमध्ये विकलेल्या आयफोनांत उलट प्रकार: दोन सिम बसतात, पण बहुतेकांत ई-सिम नाही. आयफोनच्या `Model Number`मधली शेवटची अक्षरे देश सांगतात: `HN/A` भारत, `LL/A` अमेरिका, `CH/A` चीन. ट्रे नसलेला फोन घेणार असाल तर तुमच्या कंपनीकडून ई-सिम करून घ्यायची तयारी असू द्या, नाहीतर घरातले सिम काढून त्यात घालता येणार नाही.

अनेक अँड्रॉइड फोनांत दुसरी जागा सिमसाठी किंवा मेमरी कार्डासाठी असते, दोन्ही एकदम बसत नाहीत. दोन सिम आणि कार्ड, तिन्ही हवे असतील तर ट्रे बाहेर काढून तीन खड्डे आहेत का ते मोजा.

ट्रे काढलात की मोबाइलच्या दिव्याने रिकाम्या खाचात बघा. सोनेरी रंगाच्या बारीक स्प्रिंगसारख्या पिना एका ओळीत, एका उंचीवर दिसायला हव्यात. एखादी वाकलेली, दबलेली किंवा हिरवट झालेली असेल तर तो खाचा आज चालला तरी पावसाळ्यात दगा देईल. आपल्याकडची दमट, खारी हवा या पिनांची शत्रू आहे. आयफोनमध्ये आणि बऱ्याच सॅमसंगमध्ये खाचाच्या आत पाण्याचा एक छोटा सूचक असतो. तो पांढरा किंवा चंदेरी असला पाहिजे. लाल किंवा गुलाबी झाला असेल तर आत पाणी गेले आहे, मग विकणारा काहीही म्हणो.

मग चाचणी. एक चालू सिम पहिल्या जागेत घाला, फोन पूर्ण बंद करून सुरू करा, बाहेर जाणारा एक कॉल आणि आत येणारा एक कॉल करा, एक एसएमएस पाठवा. तेच सिम दुसऱ्या जागेत घालून पुन्हा तेवढेच करा. शेवटी दोन्ही सिम एकदम घालून प्रत्येकावरून कॉल करा. दुसऱ्या जागेची परीक्षा जिओच्या सिमनेच घ्या. काही जुन्या फोनांत दुसऱ्या जागेला फक्त २जी मिळते. तिथे दुसऱ्या कंपनीचे सिम चालते, पण जिओचे अजिबात नाही.

फोन काय म्हणतो त्यावरून खोट कुठे आहे ते ओळखता येते. `No SIM` किंवा सिम नाही असे आले तर पिना, ट्रे किंवा सिमच. तेच सिम दुसऱ्या जागेत चालले तर दोष पहिल्या खाचात आहे हे नक्की. सिम ओळखले, कंपनीचे नाव आले, पण नुसते `Emergency calls only` राहिले, तर बिघाड रेडिओचा आहे किंवा आयएमईआयवर बंदी आहे. आणि `*#06#`ने क्रमांकाऐवजी रिकामी जागा किंवा `null` दाखवले, तर फोनचा नेटवर्कचा भागच बिघडलेला आहे. "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, होऊन जाईल" असे सांगून असा फोन स्वस्तात देतात. तो अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

एक बारीक चाचणी बरेच जण विसरतात. कॉल चालू असताना ट्रेच्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबा, मग फोन तळहातावर दोन-तीनदा आपटा. सिम एकदम गायब होऊन परत आले, तर ट्रे ओरिजिनल नाही किंवा पिना सैल आहेत. बाजारातला नकली ट्रे जाडीला कमी असतो आणि सिम पिनांपासून किंचित खाली राहते. ट्रे नवा घातला तर ही खोट कधी-कधी जाते, म्हणून एवढ्याने सौदा मोडायची गरज नाही. पण ओरिजिनल ट्रे घालून विकणाऱ्याने दाखवावे आणि तुम्ही पुन्हा आपटून बघावे.

पैसे देण्याआधी

मागच्या मालकाचे खाते फोनमध्ये राहिलेले नाही ना, हे फोन तुमच्यासमोर पूर्ण रीसेट करूनच कळते. रीसेट झाल्यावर तो जुना पासवर्ड किंवा जुने ईमेल मागू लागला तर तिथेच थांबा.

पावती घ्या. दुकान असो वा ओळखीचा माणूस, कागदावर दोन्ही आयएमईआय पूर्ण १५ अंकांत, मॉडेल क्रमांक, तारीख, रक्कम, विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि सही हवी. "आयएमईआय पुढे काळ्या यादीत निघाल्यास रक्कम परत" ही एक ओळ लिहून घ्या. प्रामाणिक दुकानदार ती लिहायला कचरत नाही. केवायएमच्या उत्तराचा एसएमएस पुसू नका, खरेदीच्या दिवशी फोन स्वच्छ होता याचा तो तारखेसह पुरावा आहे. आणि आधी सांगितलेल्या चार-आठ दिवसांच्या फटीसाठी, खरेदीनंतर आठव्या आणि पंधराव्या दिवशी तोच एसएमएस दोन्ही क्रमांकांसाठी पुन्हा पाठवा. तेव्हा `Black-listed` आले, तर सिम लगेच काढा, फोन बंद करा आणि पावती घेऊन आधी पोलीस स्टेशनला, मग दुकानात जा. आधी दुकानात गेलात तर फोन त्यांच्या हाती जातो आणि तुमच्याकडे दाखवायला फक्त कागद उरतो.